बंद लाईनवरचं इंडक्शन: दोन्हीकडं अर्थ लावूनही झटका का बसतो आणि जम्पर खोलायचा खरा क्रम

डबल सर्किट टॉवरवर एक सर्किट चालू ठेवून दुसऱ्यावर काम करताना एकच चूक मी इतक्या वेळा बघितलीय की शेवटी हे सगळं लिहूनच काढावं म्हटलं. चूक अशी, की परमिट आलं, दोन्ही सबस्टेशनला अर्थ स्विच मारले, जागेवर डिस्चार्ज रॉड एकदा टेकवला, चट् आवाज आला, "झाली डिस्चार्ज" म्हणून रॉड काढून ठेवला आणि कामाला हात घातला.

मी हेल्पर होतो तेव्हा बार्शीच्या बाजूला एका टेन्शन टॉवरवर आमच्या गँगमधल्या माणसाने असाच जम्पर खोलला होता. दोन्ही टोकांना अर्थ स्विच होते, खात्री केलेली होती. जम्परचा शेवटचा बोल्ट निघाला, जम्पर सुटला, आणि त्याचा एक हात सुटलेल्या जम्परवर नि दुसरा पुढच्या वायरच्या क्लॅम्पवर. बेल्ट होता म्हणून लटकला, दोन्ही तळवे भाजले, आठ-दहा दिवस त्याला भाकरी मोडता येत नव्हती. खाली आल्यावर पहिलं वाक्य हेच, "दोन्हीकडं अर्थ लावलाय की ओ, करंट आला कुठनं?"

त्याचं उत्तर आधी नीट समजून घ्या, कारण खालचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे.

## आधी हे समजा: इंडक्शन दोन प्रकारचं असतं

पहिलं आहे व्होल्टेजमुळे येणारं. शेजारचं सर्किट चार्ज आहे, मधे हवा आहे, म्हणजे झाला कपॅसिटर. बंद लाईन कुठेच अर्थ नसेल, नुसती इन्सुलेटरवर लटकत असेल, तर तिच्यावर व्होल्टेज चढतं. हिशोबासाठी २२० केव्हीचं नेहमीचं डबल सर्किट टॉवर धरू, दोन सर्किटमधलं आडवं अंतर ९ मीटरच्या आसपास, लांबी ३० किलोमीटर. अशा बंद सर्किटच्या वरच्या वायरवर साधारण १० ते १२ हजार व्होल्ट तरंगत असतात. ही लाईन ५ किलोमीटरची असो की ५० ची, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. लांबीप्रमाणे वाढतो तो करंट, म्हणजे ती वायर अर्थ केल्यावर अर्थमधून वाहणारा. तो किलोमीटरला ३०-३५ मिलीअँपिअर, ३० किलोमीटरला साधारण १ अँपिअर. माणसाचा हात १० मिलीअँपिअरच्या पुढे वायर सोडू शकत नाही, म्हणजे अर्धा किलोमीटर वायरसुद्धा पुरेशी आहे.

आता मेख बघा. हा साठलेला चार्ज नाही, चालू सर्किट तो सेकंदाला ५० वेळा नव्याने ढकलतंय. म्हणून "डिस्चार्ज रॉड" हे नावच फसवं आहे. रॉड टेकवलेला आहे तोवर व्होल्टेज नाही, दुसरीकडं कुठेच अर्थ नसेल तर रॉड उचलला की त्याच क्षणी परत दहा हजार. एकदा टेकवून काढला म्हणजे तुम्ही काहीही केलेलं नाही.

दुसरं आहे करंटमुळे येणारं, आणि आमच्या माणसाला त्यानेच धरलं. शेजारच्या सर्किटमधून लोड वाहतोय, त्याचं चुंबकीय क्षेत्र बंद वायरीत लांबीभर व्होल्टेज तयार करतं, ट्रान्सफॉर्मरसारखं. तिन्ही फेजचा लोड समतोल असला की बरंचसं एकमेकांत कटतं, पण तिन्ही वायरी सारख्या अंतरावर नसल्यामुळे काही उरतंच. वरच्याच टॉवरवर ४०० अँपिअर लोड धरला तर वरच्या वायरीत किलोमीटरला ९-१० व्होल्ट येतात, ३० किलोमीटरला २८० च्या आसपास. हे लांबीप्रमाणे वाढतं आणि लोडप्रमाणेही वाढतं.

एकाच टोकाला अर्थ असेल तर दुसऱ्या टोकाला हे २८० व्होल्ट दिसतात. दोन्ही टोकांना अर्थ केलं की रस्ता पूर्ण होतो आणि वायरीतून करंट फिरायला लागतो, आपल्या उदाहरणात वीसेक अँपिअर. म्हणजे दोन्हीकडे अर्थ केलेली "डेड" लाईन ही खरं तर करंट वाहणारी लाईन आहे. तिचा जम्पर खोलला की तो करंट तुटतो आणि ते सगळे २८० व्होल्ट खोललेल्या फटीच्या दोन तोंडांमध्ये येऊन उभे राहतात. त्या फटीत दोन हात घातले तर शरीरातून पाव अँपिअर. करंट आला कुठनं, तर इथनं.

सावध: हे आकडे नेहमीच्या लोडचे झाले. काम चालू असताना शेजारच्या सर्किटवर एक फेज जमिनीला फॉल्ट झाला तर समतोल राहत नाही. ५ हजार अँपिअरच्या फॉल्टला बंद वायरीत किलोमीटरला हजार व्होल्टच्या वर येऊ शकतात, ब्रेकर ट्रिप होईपर्यंत का होईना. जागेवरची अर्थिंग आपण लावतो ती मुख्यतः या क्षणासाठी.

## टप्पा १: परमिट मागण्याआधी

काम काय धरू, तर टेन्शन टॉवरवर एका फेजच्या जम्परचा गरम होणारा क्लॅम्प बदलायचाय. सोपं काम, तासाभराचं, आणि म्हणूनच लोक तयारी टाळतात.

आधी लाईनचा रूट बघा. कामाच्या टॉवरवरच शेजारी कोण आहे एवढं बघून भागत नाही, सबस्टेशन ते सबस्टेशन ही लाईन कुठे कुठे दुसऱ्या लाईनला समांतर जाते ते बघायचं, कारण करंटमुळे येणारं इंडक्शन सगळ्या लांबीचं गोळा होऊन तुमच्या फटीत येतं. तुमच्या टॉवरवर शेजारी काहीच नाही आणि दहा किलोमीटर मागे समांतर लाईन आहे, तरी ते तुमच्यापर्यंत पोचतं. आपल्या सोलापूर भागात तर हे जास्तच आहे, २०१३ च्या अखेरीला रायचूरची ७६५ केव्ही लाईन चालू झाली, एनटीपीसीचं स्टेशन आलं, ४०० च्या लाईनी आल्या, आणि याच पट्ट्यातून ३३ आणि ११ च्या लाईनी पण जातात. त्यामुळे ३३ वर काम करणाऱ्यांनी "हे मोठ्या लाईनवाल्यांचं आहे" म्हणून पान उलटू नका.

परमिट मागतानाच दोन गोष्टी लिहून मागा. एक, शेजारचं सर्किट चालू राहणार आहे याची स्पष्ट नोंद. दोन, त्या चालू सर्किटचं ऑटो रिक्लोज काम संपेपर्यंत बंद. ते चालू राहिलं तर फॉल्ट झाल्यावर ब्रेकर ट्रिप होऊन परत आपोआप लागतो आणि फॉल्ट तसाच असेल तर तोच दणका तुम्हाला दुसऱ्यांदा बसतो.

सामान मोजून घ्या. जम्पर खोलायचा म्हणजे वायरीचे दोन तुकडे होणार, म्हणून अर्थिंगही दोन्ही बाजूंना. तीन फेज गुणिले दोन बाजू, सहा लीड. वर एक बायपास जम्पर, दोन्ही तोंडांना घट्ट बसणाऱ्या क्लॅम्पचा. लोक तीनच लीड नेतात आणि वर गेल्यावर "चालतंय" म्हणतात, तिथेच घोळ.

तपासा: लीडच्या प्रत्येक टोकाचा लग हाताने हलवून बघा. पारदर्शक आवरण असेल तर आतली तांब्याची तार लगपाशी हिरवी पडलीय का, तुटलीय का ते दिसतं. तुटलेली लीड लावलेली दिसते, काम मात्र करत नाही, त्यामुळे ती नसलेल्यापेक्षा वाईट.

## टप्पा २: दोन्ही सबस्टेशनला बंद आणि अर्थ

ब्रेकर, मग आयसोलेटर, दोन्ही टोकांना. आयसोलेटरचे तिन्ही ब्लेड डोळ्याने उघडे दिसले पाहिजेत, पॅनलवरचा दिवा बघून नाही. मग लाईनच्या बाजूचा अर्थ स्विच.

पहिल्या टोकाचा अर्थ स्विच लावताना तो दहा-बारा हजार व्होल्ट खाली आणतो, ठिणगी दिसणार, घाबरू नका पण अर्धवट थांबूही नका, एका दमात लावा. दुसऱ्या टोकाचा लागतो तेव्हा मघाचा फिरणारा करंट सुरू होतो.

बऱ्याच जणांचा समज असा की इथे काम झालं, आता वर चढा. या टप्प्यानंतर लाईन सप्लायपासून तुटलेली असते, इंडक्शनपासून नाही.

## टप्पा ३: टॉवरवर, टेस्ट आणि ओळख

डबल सर्किटवर सगळ्यात मोठा धोका चुकीच्या सर्किटकडे चढण्याचा. टॉवरचा नंबर, सर्किटची पाटी, आणि खालून उभं राहून सबस्टेशनकडे तोंड करून डावं-उजवं, हे दोघांनी वेगवेगळं सांगायचं आणि जुळलं तरच चढायचं. एकाने सांगितलं नि दुसऱ्याने मान हलवली, याला तपासणी म्हणत नाहीत.

आता टेस्टर. इथे दोन उलट चुका होतात. नियॉन किंवा जवळ नेल्यावर वाजणारा टेस्टर शेजारच्या चालू सर्किटच्या क्षेत्रामुळेही वाजतो, मग माणूस म्हणतो "इंडक्शनचंय, काही होत नाही" आणि खरा सप्लाय असला तरी तेच म्हणतो. उलट बाजूने, टेस्टर सारखा वाजतो म्हणून कंटाळून काही जण टेस्टच सोडून देतात. त्या व्होल्टेजचा, वायरीला प्रत्यक्ष टेकवायचा डिटेक्टर वापरा, आधी चालतोय का ते त्याच्या टेस्ट बटणावर बघा, वापरल्यावर परत बघा. आणि "हे इंडक्शन आहे" असा निष्कर्ष टेस्टरच्या आवाजावरून कधीच काढायचा नाही. दोन्हीकडचे आयसोलेटर उघडे आहेत हे फोनवर परत कन्फर्म झालं, मधे कुठला टॅप नाही, मगच. मधे कुठे जनरेटर किंवा सोलरचा उलटा सप्लाय येत असेल तर टेस्टरला त्यातला फरक कळत नाही.

आणखी एक. सकाळी सातला टेस्ट केली तेव्हा काहीच दाखवलं नाही म्हणून दुपारी बारालाही काही नसेल असं नाही. शेजारच्या लाईनचा लोड बदलला की करंटमुळे येणारं इंडक्शन बदलतं. शेतीपंपांची वेळ सुरू झाली, कारखाना चालू झाला, की सकाळच्या झिणझिण्यांचा दुपारी झटका होतो.

## टप्पा ४: जागेवरची अर्थिंग

क्रम कायम एकच. आधी लीडचं टॉवरकडचं टोक, मग इन्सुलेटेड काठीने वायरीकडचं टोक. काढताना उलटं, आधी वायर मग टॉवर. उलट केलं तर लीडचं टॉवरकडचं टोक तुमच्या हातात असताना त्यावर लाईनचं व्होल्टेज येतं.

टॉवरकडचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावू नका, ब्रशने घासून पांढरं लोखंड दिसू द्या. आणि क्लॅम्प तुम्ही ज्या क्रॉसआर्मवर बसणार त्याच क्रॉसआर्मला किंवा त्याच्या अगदी जवळ लावा, कारण आपल्याला हवंय ते "वायर आणि मी बसलोय ते लोखंड यांच्यात फरक नको". वायर जमिनीच्या हिशोबाने शून्य आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. फॉल्टच्या क्षणी टॉवर आणि वायर दोन्हीचं व्होल्टेज वर जाईल, पण एकत्र जाईल, तुम्ही मधे सापडणार नाही. अर्थिंग पुढच्या टॉवरवर लावून इथे काम केलं तर ही सोय गेली.

तिन्ही फेज, दोन्ही बाजू. काम एकाच फेजवर असलं तरी. बाकीच्या दोन फेजवर इंडक्शनचं व्होल्टेज ठेवून मधे वावरायचं कशाला?

सावध: टॉवरचं लोखंड सोडून जमिनीत रॉड ठोकून अर्थ घ्यायची वेळ आली, ३३ च्या सिमेंटच्या पोलवर येतेच, तर आपल्याकडची काळी माती लक्षात घ्या. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रॉड मातीला टेकलेलाच नसतो. समजा रॉडचा रेझिस्टन्स ५० ओहम आला आणि लाईनमधे इंडक्शनचे २८० व्होल्ट आहेत, तर त्यातला बहुतेक सगळा भाग त्या रॉडवरच पडतो. रॉड भेगेत नको, भेगा नसलेल्या घट्ट जागी खोल ठोका, भोवती पाणी ओता, आणि काम संपेपर्यंत त्याच्या जवळ कुणी उभं राहू नका, शिवू तर नकाच. खालच्या माणसांनी टॉवरच्या पायालाही टेकून बसायचं नाही, डबा खायला लांबच्या झाडाखाली जा. क्रेन किंवा गाडी वायरीला लागणार असेल तर ती त्याच अर्थिंगला जोडा.

## टप्पा ५: बायपास लावा, मग जम्पर खोला

आता मूळ काम. जम्परच्या अलीकडे आणि पलीकडे अर्थिंग आहे, दोन्ही लीड एकाच क्रॉसआर्मला. म्हणजे फटीच्या दोन्ही तोंडांना लोखंडातून रस्ता आहे, मग बायपास कशाला असं पोरं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की तो रस्ता चार क्लॅम्पवर अवलंबून आहे आणि त्यातला एक जरी वाऱ्याने किंवा तुमच्या पायाच्या धक्क्याने सैल झाला तर सगळे व्होल्ट तुमच्या हातात. बायपास हा दुसरा, सरळ रस्ता.

बायपासची दोन्ही टोकं वायरीवर, जम्परच्या क्लॅम्पपासून हात लागणार नाही इतक्या बाहेर लावा, आवळा. मग खोलण्याआधी एक तपासणी करा जी जवळपास कुणीच करत नाही.

तपासा: क्लॅम्प मीटर बायपासच्या वायरीभोवती लावा. जम्पर अजून बंद आहे, त्यामुळे फिरणाऱ्या करंटमधला काही भाग बायपासमधून जाताना दिसला पाहिजे. शून्य आलं तर खूश होऊ नका. एकतर बायपासचा क्लॅम्प ऑक्साईडवर बसलाय, किंवा त्या क्षणी शेजारी लोडच नाही. क्लॅम्प काढून वायर घासा, परत लावा, परत बघा. तरीही शून्य असेल तर सबस्टेशनला फोन करून शेजारच्या सर्किटचा लोड विचारा. लोड आहे आणि तुमच्याकडे शून्य, तर पुढे जायचं नाही.

आता जम्परचे बोल्ट सैल करा. जम्पर पहिल्यांदा सुटताना ठिणगी उडायला नको. बारीकशी जरी दिसली तरी तिथेच थांबा, जम्पर परत आवळा, कारण ठिणगी म्हणजे करंटला दुसरा रस्ता मिळाला नाही. सुटलेला जम्पर सुताच्या दोरीने बांधून ठेवा, हवेत लोंबकळत चालू सर्किटच्या बाजूला झुलायला नको. आणि एवढं सगळं करूनही सवय अशीच ठेवा की फटीच्या दोन तोंडांना एकाच वेळी दोन हात नाहीत. एका बाजूचं काम संपवा, मग दुसरी.

## टप्पा ६: जोडणी आणि उलटा प्रवास

नवीन क्लॅम्प, वायर घासलेली, ग्रीस लावलेलं, बोल्ट टॉर्कला. जम्पर पूर्ण आवळल्यावरच बायपास काढायचा. जम्पर नुसता टेकवून "आता लागलाच आहे की" म्हणून आधी बायपास काढणारे मी बघितलेत.

मग बायपास, मग जागेवरच्या सहा लीड, वायरीकडून आधी. हे चालू असताना सबस्टेशनचे दोन्ही अर्थ स्विच लागलेलेच पाहिजेत. कधी कधी घाईत वरून फोन जातो, "झालंय, तुम्ही अर्थ काढायला घ्या", आणि वरचा माणूस शेवटची लीड काढत असताना सबस्टेशनवाले दोन्हीकडचे अर्थ स्विच उघडतात. असं झालं की तुमच्या काठीच्या टोकाची लीड ही त्या लाईनची शेवटची अर्थिंग ठरते. ती काढताना १ अँपिअर करंट आणि मागे उभं राहणारं दहा हजार व्होल्ट हवेत तोडायचंय, आणि तो आर्क लांब ओढत येतो. हे काम अर्थ स्विचचं आहे, काठीचं नाही.

सबस्टेशनला पहिल्या टोकाचा अर्थ स्विच उघडतो तेव्हा फिरणारा वीसेक अँपिअरचा करंट तुटतो, व्होल्टेज कमी असतं. दुसऱ्या टोकाचा उघडतो तेव्हा करंट कमी पण व्होल्टेज मोठं, तिथे आर्क जास्त दिसतो. दोन्ही एका दमात उघडा. आणि दुसरा अर्थ स्विच उघडला त्या क्षणापासून ती लाईन परत हजारो व्होल्टवर तरंगतेय हे धरून चाला, ब्रेकर लागायला अजून अर्धा तास असला तरी. "एक फोटो राहिलाय, पटकन चढून काढतो" या अर्ध्या तासात चालत नाही.

तपासा: परमिट परत करण्याआधी लीड खाली जमिनीवर मांडून मोजा. वर सहा आणि एक बायपास गेला होता, खाली सात आले पाहिजेत, आणि मोजणारा माणूस वर चढलेला नसावा. आमच्याकडे प्रत्येक लीडला नंबर पेंट केलेला आहे आणि परमिटच्या मागे तेच नंबर लिहितो, १ ते ७. सातवा सापडत नसेल तर आधी वर मान करून बघा, फोन नंतर.